पानांच्या फटींतून आभाळ, मागची फांदी पुढे: पारदर्शक स्प्राइट वापरताना या चुका टाळा

त्रिमितीय दृश्यातील झाडे, झुडपे आणि गवत बहुतेक वेळा साध्या चौकोनांवर लावलेल्या पानांच्या चित्रांतून उभे केले जाते. चित्रातील पानांबाहेरचा भाग रिकामा असतो, आणि तो रिकामाच दिसावा म्हणून अल्फा ब्लेंडिंग सुरू केले जाते. एकटे झाड पाहिले तर सगळे ठीक वाटते. दोन झाडे एकामागे एक आली की मात्र जवळच्या झाडाच्या फटींतून मागचे झाड दिसण्याऐवजी थेट आभाळ दिसू लागते, किंवा लांबची फांदी जवळच्या फांदीवर येऊन बसते. ही दोन वेगवेगळी दुखणी आहेत असे समजून वेगवेगळे उपाय केले जातात आणि एक बरे करताना दुसरे उफाळून येते. दोन्हींचे मूळ एकच आहे: पान ही अपारदर्शक वस्तू आहे, तिची फक्त कड वेडीवाकडी असते, आणि तरीही आपण तिला काच किंवा धूर यांच्या रांगेत उभे करतो.

भोक नेमके कसे पडते

एकच पिक्सेल घेऊन हिशेब मांडू. कॅमेऱ्यापासून 10 मीटरवर एक झाड आहे आणि त्याच रेषेत 14 मीटरवर एक झुडूप आहे. आभाळ आधीच रंगवून झाले आहे आणि रेखाटनाच्या क्रमात झाड झुडपाच्या आधी आले आहे. या पिक्सेलवर झाडाच्या चित्रातील रिकामी जागा पडते, म्हणजे अल्फा 0 आहे. नेहमीच्या ब्लेंडिंगमध्ये नवा रंग अल्फाने आणि आधीचा रंग एक वजा अल्फाने गुणून बेरीज केली जाते, त्यामुळे इथे आभाळाचा रंग जसाच्या तसा राहतो. इथवर अपेक्षेप्रमाणेच घडले.

पण रंग बदलला नाही म्हणून काहीच लिहिले गेले नाही, असे होत नाही. डेप्थ बफरला अल्फाशी काही देणेघेणे नसते. चौकोनाचा तो बिंदू रेखाटला गेला म्हणून तिथे 10 मीटरची नोंद होते. मग झुडपाची पाळी येते. त्याचे 14 हे अंतर आधीच्या 10 पेक्षा जास्त असल्याने डेप्थ चाचणीत ते बाद होते, आणि त्या पिक्सेलवर आभाळ तसेच राहते. न दिसणाऱ्या चौकोनाने मागचे झुडूप झाकले आहे.

याची ओळख सोपी आहे. भोकाची बाहेरची कड चौकोनाच्या सरळ कडेशी जुळते, पानाच्या कडेशी नाही. आणखी खात्री करायची असेल तर आभाळ तात्पुरते काढून पडदा पुसण्याचा रंग भडक गुलाबी ठेवावा. फटींतून गुलाबी दिसले आणि कॅमेरा झाडांच्या पलीकडे नेल्यावर ते नाहीसे झाले, तर दोष क्रम आणि डेप्थ यांचाच आहे. पलीकडून पाहताना झुडूप जवळचे आणि झाड लांबचे होते, म्हणजे तोच क्रम योगायोगाने मागून पुढे असा बरोबर ठरतो. दोन्ही बाजूंनी भोक तसेच राहिले तर आधी चित्र आणि मॉडेल तपासावे.

चूक पहिली: डेप्थ लिहिणे बंद करून काम संपले असे समजणे

शोधाशोध केली की सर्वांत आधी हाती लागणारा उपाय म्हणजे `depthWrite = false`. भोके तत्काळ बुजतात, आणि म्हणूनच हा उपाय फसवा आहे. आता कोणते पान पुढे आणि कोणते मागे हे ठरवणारी नोंदच उरलेली नाही. जे शेवटी रेखाटले जाईल ते वर येईल. एका मेशमध्ये गवताची हजारो पाती असतील तर त्यांचा क्रम इंडेक्स बफरमधील त्रिकोणांच्या क्रमाने ठरतो, आणि तो कॅमेरा कुठे आहे हे पाहत नाही. एका दिशेने पाहिले की गवत बरोबर, उलट दिशेने पाहिले की लांबची पाती जवळच्यांवर, असे चित्र दिसले तर कारण हेच असते. इन्स्टन्सिंग वापरले तरी यात फरक पडत नाही, कारण तिथेही प्रती यादीत ज्या क्रमाने आहेत त्याच क्रमाने एकमेकींवर मिसळल्या जातात.

चूक दुसरी: वस्तूंची क्रमवारी लावली की प्रश्न सुटेल असे मानणे

बहुतेक इंजिने पारदर्शक वस्तू मागून पुढे अशा लावून घेतात, पण हे काम ती वस्तूच्या एकाच बिंदूवरून करतात. त्यामुळे काय होते ते अंकांत पाहू. झाडाचा मध्य 10 मीटरवर आहे आणि त्याचा पर्णसंभार चारी बाजूंना 3 मीटर पसरला आहे, म्हणजे पुढची पाने 7 मीटरवर आहेत. शेजारचे लहान झुडूप 9 मीटरवर आहे. मध्यबिंदूंची तुलना केली की झुडूप जवळचे ठरते आणि नंतर रेखाटले जाते. डेप्थ लिहिणे बंद असल्याने 9 मीटरवरचे झुडूप 7 मीटरवरच्या पानांवर येऊन बसते. क्रमवारी नियमाप्रमाणे बरोबर लागली आहे, आणि तरीही चित्र चुकीचे आहे.

क्रम उलटा केला तर? मग झाडाची 13 मीटरवरची मागची पाने झुडपाच्या वर येतील. या दोन वस्तूंसाठी बरोबर असा क्रमच अस्तित्वात नाही. एकमेकांना छेदणारे दोन चौकोन उभे करून केलेल्या झाडात हीच अडचण एका झाडाच्या आत असते: प्रत्येक चौकोनाचा अर्धा भाग दुसऱ्याच्या पुढे आणि अर्धा मागे असतो. छेदरेषेवर चौकोन कापून त्रिकोण वेगळे करता येतात, परंतु हलत्या कॅमेऱ्यासाठी दर फ्रेमला हजारो पाने अशी लावत बसणे परवडत नाही. कॅमेरा वळवताना एखादे झाड अचानक दुसऱ्याच्या पुढे उडी मारते, तेव्हा मध्यबिंदूंच्या अंतरांचा क्रम त्या क्षणी पालटलेला असतो.

खरा उपाय आणि त्यातील खाचाखोचा

पानाला अपारदर्शक मानून त्याच्या रिकाम्या जागा शेडरमध्येच टाकून द्याव्यात. टाकून दिलेला बिंदू रंगही लिहीत नाही आणि डेप्थही लिहीत नाही. वरच्या उदाहरणातील पिक्सेलवर आता 10 ची नोंद होणारच नाही, आणि झुडूप चाचणीत पास होईल.

```glsl
vec4 c = texture(leafMap, uv);
if (c.a < 0.5) discard;
outColor = vec4(c.rgb, 1.0);
```

यासोबत ब्लेंडिंग बंद, डेप्थ लिहिणे चालू, आणि पाने अपारदर्शक वस्तूंच्या रांगेत, एवढे करायचे. क्रमवारीची गरज उरत नाही, कारण प्रत्येक पिक्सेलचा निवाडा डेप्थ बफर करतो. three.js मध्ये यासाठी `alphaTest = 0.5` आणि `transparent = false` असे दोन्ही लागते. पहिले देऊन दुसरे `true` ठेवले तर पाने पारदर्शक रांगेतच राहतात. Godot मध्ये हाच पर्याय `Alpha Scissor` आणि Unreal मध्ये `Masked` या नावाने आहे. मॉडेल glTF स्वरूपात आले असेल तर आधी फाइल उघडून पाहावी. तिथे `"alphaMode": "BLEND"` लिहिलेले असेल तर ते `"MASK"` करावे. इंजिनमधील सेटिंग पुन्हा पुन्हा बदलूनही दोष परत येतो, तेव्हा मूळ इथे असण्याची शक्यता बरीच असते.

हा बदल केल्यावर लगेच एक नवी तक्रार येते: जवळून भरगच्च दिसणारे झाड लांबून विरळ होते, आणि आणखी लांब गेले की काड्याच उरतात. हा दोष मिपमॅपचा, म्हणजे लांबून पाहताना वापरल्या जाणाऱ्या चित्राच्या लहान होत जाणाऱ्या प्रतींचा आहे. चार टेक्सेलपैकी एकाचा अल्फा 1 आणि तिघांचा 0 असेल तर पुढच्या पातळीवर त्यांची सरासरी 0.25 येते. ती 0.5 च्या खाली असल्याने ते पान पूर्ण गळते. जिथे चतुर्थांश जागा भरलेली होती तिथे आता काहीच नाही. उंबरठा कमी करून पाहण्याचा मोह होतो, पण मग जवळची पाने फुगीर आणि ओबडधोबड दिसतात. योग्य मार्ग असा की मूळ चित्रात उंबरठ्याच्या वर किती टक्के टेक्सेल आहेत ते मोजावे आणि प्रत्येक मिप पातळीचा अल्फा अशा पटीने वाढवावा की ते प्रमाण कायम राहील. Unity मध्ये टेक्स्चर आयात करतानाच यासाठी `Preserve Coverage` हा पर्याय मिळतो. तिथे दिलेला उंबरठा आणि मटेरियलमधील उंबरठा एकच असला पाहिजे, नाहीतर केलेले काम वाया जाते.

दुसरी तक्रार दातेरी कडांची असते, कारण पिक्सेल आता एकतर आहे किंवा नाही. मल्टिसॅम्पलिंग सुरू असेल तर अल्फा टू कव्हरेज वापरावे. त्यात अल्फाच्या प्रमाणात पिक्सेलमधील काही नमुनेच भरले जातात, आणि प्रत्येक नमुन्याची डेप्थ वेगळी असल्याने क्रमाचा प्रश्न उद्भवत नाही. चार नमुने असतील तर रिकाम्यापासून भरलेल्यापर्यंत पाचच पायऱ्या मिळतात, पण पानाच्या कडेला त्या पुरतात. मात्र `discard` काढून टाकून चित्रातील अल्फा तसाच दिला तर कडा धूसर आणि ठिपक्यांच्या दिसतात, म्हणून तो एका पिक्सेलच्या रुंदीत आवळून घ्यावा:

```glsl
float a = texture(leafMap, uv).a;
a = (a - 0.5) / max(fwidth(a), 0.0001) + 0.5;
```

मल्टिसॅम्पलिंग बंद असेल तर या पर्यायाचा उपयोग नाही, आणि याच्या जोडीला ब्लेंडिंग चालू ठेवले तर कड दुप्पट फिकी होते.

उपाय करूनही भोके परत आली तर

अशा वेळी डेप्थचा पूर्व-फेरा तपासावा. अनेक इंजिने रंग भरण्याआधी सगळ्या अपारदर्शक वस्तूंची फक्त डेप्थ लिहून घेतात, आणि तो फेरा बहुधा वेगळ्या, साध्या शेडरने होतो. त्या शेडरमध्ये `discard` नसेल तर पूर्ण चौकोनाची डेप्थ आधीच लिहिली जाते आणि मुख्य शेडर कितीही बरोबर असला तरी भोके जशीच्या तशी उभी राहतात. सावलीच्या फेऱ्यातही हेच घडते, फक्त तिथे भोक दिसत नाही. जमिनीवर पानांऐवजी चौकोनांची सावली पडते. म्हणून चौकोनी सावली दिसली की पूर्व-फेऱ्याकडेही नजर टाकावी. वाऱ्याने पाने हलत असतील तर दोन्ही फेऱ्यांत शिरोबिंदूंचे गणित आणि वेळ तंतोतंत सारखी असावी. अन्यथा पाने स्वतःच्याच डेप्थशी भांडून लुकलुकतात.

पानांभोवतीच्या काळ्या रेघेला मात्र यात ओढू नये. ती क्रमाने येत नाही. चित्राच्या रिकाम्या भागात काळा रंग भरलेला असतो आणि फिल्टरिंग करताना तो कडेच्या हिरव्यात मिसळतो. पानाचा रंग रिकाम्या भागात काही पिक्सेल बाहेरपर्यंत पसरवून, अल्फा न बदलता, चित्र पुन्हा निर्यात केले की ती जाते.