उशीर कळवताना शंकाही नेमक्या लिहा

अनुवाद वेळेत होणार नसेल, तर क्लायंटला पाठवायच्या पत्राची सुरुवात दिलगिरीने नको, नव्या तारखेने करा. त्याला आधी तेच हवं असतं. "२४ पैकी १९ पानं सोबत जोडली आहेत, उरलेली ५ गुरुवारी संध्याकाळी ६ पर्यंत देते." दिलगिरीला पुढची एक ओळ पुरते.

मग शंका. नुसतं "मूळ मजकूर संदिग्ध आहे" लिहिलं तर ती सबब वाटते. एका औषधचाचणीच्या संमतिपत्रात रक्ततपासणी 'बायवीकली' होती. इंग्रजीत त्याचा अर्थ आठवड्यातून दोनदा असाही होतो आणि दोन आठवड्यांतून एकदा असाही. मी लिहिलं: "पान ७, परिच्छेद ३. 'बायवीकली'चे दोन अर्थ निघतात. पान ११ वरच्या तक्त्यात १२ आठवड्यांत ६ भेटी आहेत, म्हणून 'दर दोन आठवड्यांनी एकदा' असं धरून ती ओळ पिवळी केली आहे. चूक असेल तर बुधवारी दुपारपर्यंत कळवा."

असं लिहिलं की समोरच्याला 'हो' किंवा 'नाही' एवढंच सांगायचं उरतं, आणि ती शंका परस्पर डॉक्टरांकडे पाठवतानाही पुन्हा समजावत बसावं लागत नाही. मात्र सगळ्याच ठिकाणी अंदाज धरून चालू नका. औषधाची मात्रा किंवा नुकसानभरपाईची रक्कम दोन पानांवर वेगवेगळी असेल, तर ती जागा रिकामी ठेवा आणि उत्तर येईपर्यंत अंतिम प्रत देता येणार नाही, हे पत्रातच स्पष्ट लिहा. शंका पाच-सहाच्या वर गेल्या तर पत्रात न कोंबता वेगळा तक्ता जोडा.