स्क्रीनशॉटचा ढीग कामाला कसा लावला

म्हापशातल्या मसाल्याच्या दुकानाचं इन्स्टाग्राम सांभाळताना फोनमध्ये आवडलेल्या पोस्टचे स्क्रीनशॉट भरपूर होते, तरी महिन्याचं नियोजन कोऱ्या पानावरूनच सुरू व्हायचं. कारण एकच: चित्र जपलं होतं, ते का आवडलं हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. आठवडाभराने ते आपल्यालाच आठवत नाही.

आता गूगल शीटमध्ये दोन पानं आहेत. ‘नमुने’ या पानावर लिंक, स्क्रीनशॉट आणि एक वाक्य: यातलं नेमकं काय जमून आलं? ‘सुंदर आहे’ असं लिहिलं, तर ती नोंद बाद. ‘कल्पना’ या पानावर विषय, कोणासाठी, कधी वापरायची.

एक उदाहरण. एका कुंभाराच्या रीलमध्ये पहिल्या तीन सेकंदांत तडकलेलं मडकं दिसतं, कारण नंतर कळतं. नोंद केली: ‘आधी बिघाड, मग कारण’. ही रचना ‘पावसात मसाल्याला गाठी का होतात’ या प्रश्नाला जोडली. प्रश्न गिऱ्हाइकाचाच, काउंटरवर विचारलेला. असे प्रश्न त्याच्याच शब्दांत उतरवावेत. रील अशी ठरली: आधी गाठी झालेली बरणी, मग ओला चमचा, शेवटी घट्ट झाकण. नमुन्यातली फक्त रचना घ्यायची. वाक्यं, चित्रं, संगीत नाही.

‘कधी’ हा रकाना रिकामा ठेवू नका. गणपतीच्या वर फळं-पानं टांगून बांधतात त्या माटोळीच्या बाजाराची कल्पना गणेश चवथीनंतर सापडली, तर वर्षभर पडून राहते. शुक्रवारी नव्या नोंदी वाचून, ज्यांचं कारण लिहिता येत नाही त्या पुसून टाकतो.