मुलाच्या कॉलेजसाठी ॲपवर आरडी लावलीय? या चुका टाळा

बँकेत ठेवींच्या काउंटरवर बरीच वर्षं काढल्यामुळे असेल, ओळखीपाळखीतले लोक अजूनही मोबाइल घेऊन घरी येतात. मागच्या महिन्यात कोल्हापूरचे एक शिक्षक आले होते. मुलगा यंदा आठवीत जाणार. ॲपवर त्यांनी 'उच्च शिक्षण' असं ध्येय टाकलं होतं आणि मे २०२६ पासून दरमहा सुमारे १३,००० रुपयांची आरडी सुरू केली होती. स्क्रीनवर हिरवी पट्टी आणि खाली 'ऑन ट्रॅक'. "सर, एवढं एकदा बघून द्या, बरोबर आहे ना?" हप्ता वेळेवर जात होता, व्याजही ठीक होतं. चुकले होते ते सुरुवातीला भरलेले दोन आकडे, रक्कम आणि तारीख. पट्टी त्या दोन आकड्यांवरच चालते, त्यामुळे ती शेवटपर्यंत हिरवीच राहिली असती.

अठरावा वाढदिवस ही मुदत नव्हे

बहुतेक ॲप मुलाची जन्मतारीख विचारतात आणि अठरा वर्षं पूर्ण होतात तो दिवस ध्येयाची तारीख म्हणून धरतात. या मुलाचा जन्म सप्टेंबर २०१३ चा, म्हणून आरडीची मुदत आली सप्टेंबर २०३१. आता शाळेच्या बाजूने मोजा. बारावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्च २०३१ मध्ये, सीईटी एप्रिल-मेच्या आसपास आणि इंजिनिअरिंगच्या केंद्रीय प्रवेशाच्या म्हणजे कॅप फेऱ्या पावसाळ्यात. फेरीत जागा लागली की ती पक्की करायला हातात मोजके दिवस असतात आणि कॉलेजात फी भरूनच प्रवेश पक्का होतो. म्हणजे पैसे जुलै-ऑगस्टमध्ये लागणार आणि आरडी सुटणार सप्टेंबरमध्ये.

म्हणून जन्मतारखेचा खाना सोडा आणि मुदतीची तारीख स्वतः टाका. बारावीच्या वर्षाचा मे महिना धरावा. प्रवेश लांबले, आणि ते बऱ्याचदा लांबतात, तर पैसे दोन-तीन महिने बचत खात्यात किंवा छोट्या मुदत ठेवीत पडून राहतील. त्यात व्याज थोडं बुडतं, पण फीसाठी धावाधाव होत नाही. काही ॲपमध्ये तारीख बदलता येते असं दिसतं, पण बदलते फक्त ध्येयाची तारीख. खालची आरडी जुन्याच मुदतीवर चालू राहते. बदल केल्यावर ठेवीच्या पावतीवरची मुदत उघडून बघितली तरच खरं काय ते कळतं.

आरडी मुलाच्या नावाने असेल तर आणखी एक अडचण असते. मूल अठरा वर्षांचं झालं की पालकाच्या सहीने खातं चालत नाही. मुलाने स्वतः केवायसी, पॅन आणि नमुना सही देईपर्यंत व्यवहार थांबतात. मुदत संपून पैसे त्या खात्यात जमा झालेले दिसतात, पण काढता येत नाहीत. ऐन प्रवेशाच्या दिवसांत शाखेत या कारणाने रडकुंडीला आलेले बाप मी पाहिलेत. आरडी स्वतःच्या नावाने ठेवा आणि मुलाला नॉमिनी करा. मुलाच्या नावावर ठेवल्याने कर वाचतो हाही गैरसमज आहे. अल्पवयीन मुलाचं व्याज आईवडिलांपैकी ज्याचं उत्पन्न जास्त त्याच्या उत्पन्नात मिळवलं जातं.

आजची फी, आणि तीही एकदम

शिक्षकांनी रक्कम टाकली होती १० लाख. हिशेब सरळ होता. फी, वसतिगृह, मेस धरून आज वर्षाला अडीच लाख, चार वर्षांचे दहा. यात दोन चुका आहेत, आणि गंमत म्हणजे त्या एकमेकींच्या उलट्या दिशेला ओढतात.

पहिली म्हणजे ही आजची रक्कम आहे. खर्च दरवर्षी ८ टक्क्यांनी वाढतो असं धरलं, तर २०३१ च्या पहिल्या वर्षाला ३.६७ लाख लागतील, पुढच्या तीन वर्षांना ३.९७, ४.२८ आणि ४.६३ लाख. बेरीज साडेसोळा लाखांच्या वर जाते. ८ टक्के हा माझा अंदाज. तुमच्या मनातल्या कॉलेजची फी महाराष्ट्राच्या शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर कॉलेजनिहाय मिळते. गेल्या काही वर्षांचे आकडे शेजारी शेजारी मांडून वाढीचा दर स्वतः काढा. वसतिगृहाचा खर्च त्यात नसतो, तो वेगळा विचारून घ्यावा लागतो.

दुसरी चूक उलटी. साडेसोळा लाखांचा आकडा ॲपमध्ये टाकला की ते ६.५ टक्के दराने, पाच वर्षांसाठी महिन्याला सुमारे २३,३०० रुपयांचा हप्ता दाखवतं. तो पाहून लोक घाबरतात आणि पुन्हा दहा लाखांवर येतात. पण साडेसोळा लाख २०३१ मध्ये एकदम लागतच नाहीत. फी दरवर्षी भरायची असते. चौथ्या वर्षाच्या पैशाला वाढायला पाच नव्हे, आठ वर्षं मिळतात.

म्हणून एका मोठ्या आरडीऐवजी चार लहान आरड्या एकाच महिन्यात सुरू करायच्या. मे २०३१ ला सुटणारी ६० महिन्यांची, हप्ता सुमारे ५,२००. मे २०३२ साठी ७२ महिन्यांची, ४,५००. मे २०३३ साठी ८४ महिन्यांची, ४,०००. आणि मे २०३४ साठी ९६ महिन्यांची, ३,७००. मिळून महिन्याला १७,४०० रुपये. पहिली आरडी सुटली की हप्ता १२,२०० वर येतो, आणि मुलगा कॉलेजात गेल्यावर घरखर्च वाढलेला असतो तेव्हा हे बरंच पडतं. बँकांच्या आरड्या साधारण दहा वर्षांपर्यंत मिळतात, म्हणून ९६ महिने बसतात. पोस्टाची आरडी ६० महिन्यांची असते, तिथे हा जिना असा बांधता येत नाही.

१७,४०० आज जमत नसतील तर पहिल्या दोन सुरू करा. पगारवाढ झाली की तिसरी काढा. साध्या आरडीचा हप्ता मधे वाढवता येत नाही, वाढवायचा म्हणजे नवी आरडी काढायची, आणि उशिरा काढलेल्या आरडीचा हप्ता जास्त येतो. चारही ध्येयांना नावं मात्र नीट द्या. 'फी २०३१', 'फी २०३२' असं लिहिलं की चुकून कोणी मधलीच आरडी मोडत नाही.

व्याजावरचा कर ॲप मोजत नाही

स्क्रीनवरची मुदतीची रक्कम करपूर्व असते. आरडीचं व्याज करपात्र आहे. वरच्या चार आरड्या एकाच बँकेत असतील तर पहिल्या वर्षी व्याज जेमतेम सात-साडेसात हजार, पण चौथ्या वर्षी ते ५०,००० च्या पुढे जातं. एका बँकेतल्या ठेवींचं वर्षाचं व्याज ५०,००० च्या वर गेलं की बँक १० टक्के टीडीएस कापते. तो काही ठिकाणी बचत खात्यातून जातो, काही ठिकाणी ठेवीतूनच. ठेवीतून गेला तर मुदतीला हातात येणारी रक्कम कमी होते आणि कारण लगेच लक्षात येत नाही. म्हणून दरवर्षी व्याजाचं प्रमाणपत्र काढून ठेवा. तुम्ही २० टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर ६.५ टक्क्यांचे हातात सुमारे ५.२ टक्केच पडतात. कर याच पैशातून जाईल असं धरलं तर १७,४०० ऐवजी १८,२०० च्या आसपास हप्ता लागेल.

हप्ता चुकतो तेव्हा

याचं कारण बहुतेक वेळा पैसे नसणं नसतं. नोकरी बदलली, पगार नव्या बँकेत यायला लागला, पण हप्ता जुन्याच खात्यातून जातोय. चार-पाच महिने शिल्लक पुरते, मग हप्ता परत यायला लागतो. बँक ऑटो डेबिट परत आल्याचा दंड घेते आणि आरडीवरही थकीत हप्त्याचा दंड बसतो. पोस्टात तो दर १०० रुपयांना महिन्याला १ रुपया असतो आणि लागोपाठ चार हप्ते चुकले की खातं बंद पडतं. ते पुन्हा चालू करायला दोन महिनेच मिळतात. बँकांचे नियम वेगवेगळे आहेत, आपल्या बँकेचे वाचून ठेवा.

ॲपवरची पट्टी बऱ्याचदा ठरलेल्या हप्त्यांवर पुढे सरकते, जमा झालेल्यांवर नाही. दर तीन महिन्यांनी बँकेचं आरडीचं विवरण उघडा आणि हप्ते मोजा. महिने बारा आणि हप्ते अकरा निघाले तर त्याच दिवशी भरून टाका. डेबिटची तारीख पगारानंतर दोन-तीन दिवसांची ठेवा. पगार १ तारखेला येत असला तरी सुट्टी आली की पुढे जातो.

पैसे नेमके कोणाकडे आहेत?

ॲप हे फक्त दुकान आहे. पैसे बँकेत असतील तर ठेव विम्याचं संरक्षण आहे, एका बँकेत एका ठेवीदाराला मुद्दल आणि व्याज मिळून ५ लाखांपर्यंत. वरच्या चार आरड्या मिळून ही मर्यादा पाचव्या वर्षाच्या कितीतरी आधी ओलांडतात, त्यामुळे दोन बँकांत विभागल्या तर बरं. वित्त कंपन्यांच्या ठेवींना हा विमा नाही. 'रोज ५० रुपये वाचवा' म्हणणारी बरीच ॲप ठेव देतच नाहीत, डिजिटल सोनं देतात. त्यावर खरेदीला ३ टक्के जीएसटी जातो, खरेदी-विक्रीच्या भावात फरक असतो आणि ते आपल्या नियंत्रणाखाली येत नाही असं सेबीने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केलं आहे. ओळखायची खूण साधी आहे. बँकेच्या नावाची ठेवीची पावती आणि आरडीचा खाते क्रमांक मिळाला का ते बघा.

मुदत आधीच चुकली असेल तर

शिक्षकांनी शेवटी विचारलं, "मग ही सप्टेंबरची आरडी आत्ताच मोडू का?" आत्ता फक्त एक-दोन हप्ते गेलेत, त्यामुळे मोडून नव्या मुदतीची काढा म्हटलं. पण ज्यांची आरडी चार-पाच वर्षं जुनी आहे, त्यांनी फीच्या वेळी ती मोडू नये. मुदतीआधी मोडली की बऱ्याच बँका व्याजाचा दर एक टक्क्यापर्यंत कमी करतात. १३,००० च्या आरडीवर पाच वर्षांनंतर हे नुकसान २५,००० च्या आसपास जातं. त्याऐवजी त्याच आरडीवर कर्ज किंवा ओव्हरड्राफ्ट घ्या. बँका साधारण जमेच्या ९० टक्क्यांपर्यंत देतात आणि दर बहुधा आरडीच्या व्याजापेक्षा एक-दोन टक्के जास्त असतो. ३.७ लाख दोन महिन्यांसाठी साडेसात टक्क्यांनी घेतले तर व्याज सुमारे ४,६०० रुपये. आरडीवरचं व्याज चालूच राहतं आणि सप्टेंबरला मुदत संपली की त्यातूनच कर्ज फिटतं. बँकेच्या स्वतःच्या नसलेल्या ॲपवरून काढलेल्या ठेवीवर ही सोय ॲपमध्ये दिसेलच असं नाही. शाखेत जायची तयारी ठेवा, आणि जुलैत नव्हे, मे महिन्यातच जाऊन विचारून या.