इंटरनेटशिवाय मुक्त पतन: माझा अनुभव

दहावीच्या गुरुत्वाकर्षणाच्या पाठासाठी शोधून ठेवलेला व्हिडिओ आमच्या शाळेत कधीच पूर्ण उघडत नसे, म्हणून तो आम्ही स्वतःच चित्रित केला. भिंतीवर दर 10 सेंटिमीटरला खडूच्या रेघा मारल्या, चेंडू भिंतीलगत सोडला आणि फोन तीन-चार मीटर मागे, स्टुलावर स्थिर ठेवला. फोन जवळ असला की वरच्या आणि खालच्या रेघांचे वाचन चुकते. ती चित्रफीत ब्लूटूथने वर्गातील इतर फोनवर पाठवली आणि प्रत्येक गटाने एकेक चौकट पुढे सरकवत चेंडूची जागा वहीत नोंदवली.

सेकंदाला 30 चौकटी धरल्यास 3, 6 आणि 9 चौकटींनंतर चेंडू सुमारे 5, 20 आणि 44 सेंटिमीटर खाली दिसायला हवा, म्हणजेच अंतरे 1:4:9 या प्रमाणात. एका गटाला 8, 26 आणि 53 मिळाले. चेंडू हातातून सुटल्यानंतरची चौकट त्यांनी शून्य मानली होती. एक चौकट मागे जाताच आकडे जुळले. चित्रण मात्र उन्हातच करावे, कारण अंधुक प्रकाशात चेंडू पुसट होतो आणि काही फोन चौकटींचा वेगही कमी करतात.