फ्लूमध्ये ऑक्सिमीटर लावताय? या चुका टाळा

फ्लूची साथ आली की कोविडात घेतलेले ऑक्सिमीटर कपाटातून बाहेर निघतात आणि आम्हा सिस्टर लोकांना रात्री अकराला व्हॉट्सॲपवर फोटो यायला लागतात. नुसता आकडा, पेशंट कसा आहे ते एक अक्षर नाही.

सगळ्यात डेंजर चूक म्हणजे ९६ बघून निवांत होणं. आमच्या सोसायटीतले एक काका, साठी ओलांडलेली, शुगर आहे, ताप उतरून परत चढलेला. मुलगा दर तासाला मेसेज करतोय, "ताई, ९६ आहे, टेन्शन नाही ना?" शेवटी वर जाऊन बघितलं तर काका पलंगावर पुढे वाकून बसलेले, दोन शब्द बोलले की थांबतायत. श्वास मोजले तर मिनिटाला ३२. एक्सरेत न्यूमोनिया निघाला. तो ९६ खोटा नव्हता हो, पण जोरजोरात श्वास घेऊन शरीराने तो टिकवून धरला होता, आणि त्यासाठी किती दमछाक चाललीय ते मशीनला दिसत नाही, ते फक्त रक्तातून जाणारा लाल आणि इन्फ्रारेड प्रकाश मोजतं.

म्हणून मी आधी श्वास मोजते. पेशंटला सांगायचं नाही, सांगितलं की तो वेगळाच श्वास घेतो, नाडी बघतोय असं दाखवायचं आणि पूर्ण एक मिनिट छातीकडे बघायचं. पंधरा सेकंद मोजून चारने गुणणारे शहाणे मला अजिबात आवडत नाहीत. मोठ्या माणसाचे शांत बसल्यावर १२ ते २० असतात, २४ च्या वर गेले तर डॉक्टरांना फोन, ३० झाले तर ऑक्सिमीटर काहीही म्हणो, हॉस्पिटल गाठा.

आता उलटी गंमत. थंडी वाजून ताप चढतोय, बोटं गार पडलीत, त्यातच क्लिप लावली, ८६ आलं आणि घरात रडारड. अहो, हात चोळून गरम करा, नेलपॉलिश काढा, हात मांडीवर स्थिर ठेवा आणि एक मिनिट थांबा, जो आकडा टिकतो तोच खरा. मनगटाची नाडी आणि स्क्रीनवरचा पल्स जुळत नसेल तर ते रीडिंग सोडून द्या. पण पेशंट धापा टाकत असेल तर हा खेळ करत बसू नका.

नीट मोजूनही ९४ किंवा कमी येत असेल तर त्याच दिवशी डॉक्टर, ९० किंवा खाली असेल तर लगेच इमर्जन्सी. सीओपीडीसारखा फुप्फुसांचा जुनाट आजार असणाऱ्यांना डॉक्टर वेगळा आकडा देतात, तो धरा. एरवी ९८ असणाऱ्याचं ९५ वर आलं तरी सांगा. मशीन दोन-चार टक्के इकडेतिकडे दाखवतं, सावळ्या त्वचेवर कधीकधी खऱ्यापेक्षा जास्तही.

ॲनिमिया त्याला कळत नाही. बंद खोलीत शेगडी पेटवून बसला असाल तर कार्बन मोनॉक्साइडलाही ते ऑक्सिजनच समजतं.

आणि फोटो पाठवायचाच असेल तर श्वासाचा आकडा, ताप आणि पेशंट सलग बोलतोय का, एवढं खाली लिहा.