व्हीसीडीएक्सच्या पॅनेलसमोर जाताय? या चुका टाळा

व्हीएमवेअरचं व्हीसीडीएक्स हे डिझाइनचं प्रमाणपत्र पाठांतरावर मिळत नाही. आधी स्वतःचं डिझाइन दाखल करायचं, ते छाननीत टिकलं तर पॅनेलसमोर त्याचा बचाव करायचा, आणि वर पॅनेल देईल त्या नव्या प्रसंगावर तिथल्या तिथे विचार करून दाखवायचा. ठाणे-नवी मुंबईतले उमेदवार माझ्याकडे सरावाच्या डिफेन्सला येतात आणि पुन्हा पुन्हा त्याच जागी अडकतात.

सर्वात जास्त वेळा अडकतात ते स्वतःचंच चित्र मोडून न बघितल्यामुळे. घणसोलीच्या एका उमेदवाराचं डिझाइन एका सहकारी बँकेसाठी होतं. ऐरोली आणि महापे अशा दोन जागा, त्यांच्यावर व्हीसॅनचा स्ट्रेच्ड क्लस्टर. बँकेची अट अशी की एक जागा पूर्ण बंद पडली तरी एकही व्यवहार हरवता कामा नये. दस्तऐवज जाडजूड, आकृत्या देखण्या. मी विचारलं, "महापे गेलं. ऐरोलीत काय होईल?"

"एचए व्हीएम परत चालू करेल, सर."

"विटनेस कुठे ठेवलास?"

"महाप्यालाच. तिथे रॅकमध्ये जागा होती."

तो पुढे बोललाच नाही, चित्राकडे बघत राहिला. अशा क्लस्टरमध्ये डेटाची एक प्रत इकडे, एक तिकडे आणि बहुमत ठरवायला विटनेस तिसऱ्या जागी असतो. महापे गेलं की प्रतही जाते आणि विटनेसही. ऐरोलीत डेटा धडधाकट असतो, पण बहुमत नसल्यामुळे तो उघडत नाही, आणि एचए तरी काय चालू करणार? म्हणजे बँकेची जी मुख्य अट, तीच या डिझाइनमध्ये मोडत होती.

मग विटनेस बँकेच्या ठाण्यातल्या मुख्य कार्यालयात हलवला. दोन डेटा जागांमध्ये जाऊन-येऊन ५ मिलिसेकंदांच्या आत राहावं लागतं, विटनेसला मात्र २०० पर्यंत सवलत असते, त्यामुळे ठाणं सहज बसलं. तरी मी लिंकचा नकाशा मागितला. ऐरोलीहून ठाण्याला जाणारी लाइन महाप्यावरूनच वळवलेली निघाली! महापे गेलं की ऐरोलीला विटनेस दिसणारच नाही. वेगळ्या मार्गाची लाइन घ्यावी लागली आणि तिचा खर्च दस्तऐवजात कारणासकट लिहावा लागला.

माझी सवय साधी आहे. चित्राचा प्रिंट काढायचा, लाल पेनाने एकेक चौकोन आणि एकेक रेघ खोडायची, आणि शेजारी हाताने लिहायचं की आता काय चालू राहिलं आणि कशाच्या जोरावर. कंटाळवाणं काम आहे. "सर, एखादं टेम्प्लेट द्या ना," म्हणणाऱ्यांना मी हेच काम देतो. निम्मे पुन्हा येत नाहीत.

दुसरी चूक म्हणजे "बेस्ट प्रॅक्टिस आहे म्हणून केलं" हे उत्तर. पॅनेलला कारण हवं असतं. याच उमेदवाराला मी विचारलं, की ऐरोली आणि महापे दोन्ही एकाच खाडीच्या बाजूला, २६ जुलै २००५ सारखा पाऊस झाला तर? तो म्हणाला, मग नागपूरलाही तिसरी प्रत ठेवू, तीही सिंक्रोनसच. आता प्रकाश फायबरमधून मिलिसेकंदाला सुमारे २०० किलोमीटर जातो. नागपूर रस्त्याने आठशेच्या आसपास, म्हणजे जाऊन-येऊन ८ मिलिसेकंद नुसत्या अंतरातच गेले. ५ ची मर्यादा तिथेच संपली. म्हणून नागपूरला प्रत उशिरानेच जाणार, आणि दोन्ही जागा एकदम गेल्या तर काही मिनिटांचा डेटा हरवणार. ती मिनिटं किती चालतील हे बँकेनेच सांगायचं. आम्ही पंधरा मिनिटं धरून बँकेची लेखी संमती घेतली, आणि तेच पान पुराव्यात गेलं. प्रत्येक मोठ्या निर्णयासोबत अट, बघितलेले पर्याय, निवडीचं कारण आणि त्यामुळे आलेली जोखीम एवढं लिहिलेलं असलं, की प्रश्न कुठूनही आला तरी बोलता येतं.

गृहीतकं मोजून न बघणं ही याच चुकीची धाकटी बहीण. "लिंक २ मिलिसेकंदांची आहे" असं लिहिलं असेल तर होस्टवरून

```
vmkping -I vmk2 -c 100 10.20.30.12
```

चालवा (इंटरफेस आणि पत्ता आपापला), तेही बँकेची दिवसअखेरची प्रक्रिया चालू असताना, आणि आउटपुट तारखेसह जोडा. दुपारी शांत वेळेला घेतलेला आकडा मी धरत नाही.

बाकी थोडक्यात. ग्राहकाचं नाव, आयपी पत्ते झाकल्याशिवाय काही पाठवू नका. मित्राच्या डिझाइनमधली आकृती उचलू नका, दुसऱ्या प्रश्नाला उघडं पडता. स्लाइड वाचत बसू नका; तुमचा दस्तऐवज पॅनेलने वाचलेला असतो. नव्या प्रसंगात मार्कर हातात घेऊन लगेच होस्ट काढायला लागू नका, आधी ग्राहकाला प्रश्न विचारा, कारण ग्राहकाच्या भूमिकेत पॅनेलच बसलेलं असतं. आणि सरावाला निदान एक माणूस स्टोरेजवाला, एक नेटवर्कवाला बोलवा. फक्त आपल्या टीममधले बसले तर ते आपल्याच चुकांना माना डोलावतात.