१८० दिवस आणि रिटेन्शनची रक्कम: क्रेडिट रिव्हर्स करण्याची तयारी

पुरवठादाराला बिलाची रक्कम १८० दिवसांत न दिल्यास त्या बिलावर घेतलेले GST चे क्रेडिट रिव्हर्स करावे लागते. म्हणून GSTR-3B हे विवरणपत्र भरण्यापूर्वी पुरवठादारांच्या थकबाकीचा अहवाल काढावा, आणि तो देय तारखेनुसार नव्हे तर बिलाच्या तारखेनुसार काढावा, कारण १८० दिवस पुरवठादाराने बिल दिले त्या तारखेपासून मोजले जातात. माल केव्हा आला किंवा उधारी किती दिवसांची ठरली, याने मुदत पुढे सरकत नाही. रिव्हर्स चार्जची बिले या यादीतून वगळावीत.

आता रिटेन्शन. मागील वेळी आमच्याकडून नेमके हेच सुटले होते, म्हणून हे काम सर्वांत आधी करावे. कंत्राटदाराच्या बिलातून कापून ठेवलेली रक्कम बहुधा वेगळ्या लेजरमध्ये वळती केलेली असते. त्यामुळे त्याचे स्वतःचे खाते शून्य दिसते आणि थकबाकीच्या अहवालात त्याचे नावच येत नाही. रिटेन्शनचे लेजर स्वतंत्रपणे उघडावे आणि त्यातील प्रत्येक रक्कम मूळ बिलाच्या तारखेशी जोडावी. रक्कम वर्षभराने देण्याचे करारात लिहिले आहे, हे उत्तर येथे चालत नाही, कारण करारातील अटीने कायद्यातील मुदत वाढत नाही.

समजा, ३ एप्रिल २०२५ चे बिल १० लाख रुपयांचे असून त्यावर १८ टक्क्यांनी १,८०,००० रुपये कर आहे. एकूण ११,८०,००० रुपयांपैकी १० टक्के, म्हणजे १,१८,००० रुपये, रोखून ठेवले आणि उरलेली रक्कम वेळेत दिली. १८० वा दिवस ३० सप्टेंबरला येतो, म्हणून ऑक्टोबरच्या विवरणपत्रात क्रेडिट रिव्हर्स करावे लागते. मात्र संपूर्ण १,८०,००० नव्हे, तर न दिलेल्या रकमेच्या प्रमाणात १८,००० रुपयेच. नियम ३७ मध्ये प्रमाणाची ही तरतूद स्पष्ट आहे, तरीही घाबरून संपूर्ण क्रेडिट काढून टाकणारे आढळतात. बिल नवे असो वा जुने, रिटेन्शनचे लेजर पाहिल्याखेरीज हा आकडा अंतिम मानू नये.

रिव्हर्सल GSTR-3B च्या तक्ता 4(B)(2) मध्येच दाखवावे. 4(B)(1) मध्ये टाकलेली रक्कम कायमची सोडलेली मानली जाते, आणि मग ती परत मागताना पोर्टलवरील रिव्हर्सलच्या खात्यात तेवढी शिल्लकच दिसत नाही. रिव्हर्स केलेल्या क्रेडिटवरील कलम ५० खालील व्याज रोख खात्यातून भरावे लागते. पुढे क्रेडिट परत मिळाले तरी हे व्याज परत मिळत नाही, म्हणून १८० वा दिवस उलटण्यापूर्वीच रिटेन्शनची तारीख समोर असणे महत्त्वाचे आहे.

रक्कम दिल्यावर क्रेडिट 4(A)(5) मध्ये पुन्हा घ्यावे आणि 4(D)(1) मध्येही दाखवावे. या पुन्हा घेण्याला कलम १६(४) ची कालमर्यादा लागू नाही. पैसे दिल्याचा बँकेचा पुरावा मूळ बिलासोबत ठेवावा, आणि रिटेन्शनची रक्कम टप्प्याटप्प्याने सोडली असल्यास प्रत्येक टप्प्यापुरतेच क्रेडिट घ्यावे.